बाथरूमच्या लाईनवर एनआरव्ही का बसवायचा आणि कुठे

नळ उघडला की पाणी टाकीकडून नळाकडे येणार, हे आपण गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात पाणी जिकडे दाब कमी तिकडे जाते. एकाच टाकीवरून, एकाच लाईनने, एकच नळ असेल तर प्रश्न येत नाही. पण आजच्या बाथरूममध्ये थंड आणि गरम अशा दोन लाईनी एका मिक्सरमध्ये येऊन मिळतात. त्यातल्या एका लाईनवर पंप असतो, दुसरी नुसत्या टाकीच्या उंचीवर चालते. अशा वेळी जास्त दाबाचे पाणी मिक्सरमधून वळून कमी दाबाच्या लाईनमध्ये उलटे शिरू शकते. ते थांबवण्यासाठी जो छोटासा पितळी तुकडा बसवतात तो नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. प्लंबर आणि हार्डवेअरवाले त्याला एनआरव्ही म्हणतात, मीही तेच म्हणतो.

गोव्यात आता बहुतेक घरांच्या स्लॅबवर पाण्याची टाकी असतेच. तिच्या शेजारी सोलर हीटर, आणि पहिल्या मजल्यावर शॉवर जोरात यावा म्हणून एक प्रेशर पंप, ही जोडणीही आता सर्रास दिसते. नवे घर बांधताना किंवा जुने न्हाणीघर फोडून नवे करताना टाइल्स, शॉवर, कमोड यांवर महिनाभर चर्चा होते. एनआरव्हीचा विषय मात्र कोणी काढत नाही आणि पुढे तक्रारी सुरू झाल्या की टाइल्स फोडाव्या लागतात. म्हणून हा लेख मुख्यतः टाकी, गिझर किंवा सोलर, आणि प्रेशर पंप असलेल्या घरासाठी आहे.

आत काय असते

एनआरव्ही दोन प्रकारचे मिळतात. पहिला झडपेचा. त्याच्या आत बिजागरीवर लोंबणारी एक पितळी चकती असते. पाणी पुढे वाहू लागले की चकती वर उचलली जाते, थांबले की आपल्या वजनाने खाली येऊन तोंड बंद करते. दुसरा स्प्रिंगचा. त्यात एक छोटी स्प्रिंग चकतीला तोंडावर दाबून धरते, आणि पाण्याचा दाब स्प्रिंगपेक्षा जास्त झाला तरच वाट मोकळी होते. दोन्हींच्या अंगावर बाण कोरलेला असतो. पाणी ज्या दिशेने जायला हवे त्या दिशेला बाणाचे टोक.

यातला फरक नीट समजून घ्या, कारण बसवताना होणाऱ्या चुका बहुतेक इथूनच सुरू होतात. झडपेचा व्हॉल्व्ह वजनावर चालतो. म्हणून तो आडव्या पाईपवर, झाकण वरच्या बाजूला ठेवून बसवायचा, किंवा उभ्या पाईपवर पाणी खालून वर जात असेल तरच. आपल्या घरात स्लॅबवरच्या टाकीतून पाणी खाली उतरते. त्या खाली उतरणाऱ्या उभ्या पाईपवर झडपेचा व्हॉल्व्ह बसवला तर बाण बरोबर दिशेला असूनही चकती कायम उघडी लोंबत राहते. पाणी नेहमीसारखे येते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही, आणि व्हॉल्व्ह मात्र काहीच काम करत नसतो.

स्प्रिंगचा व्हॉल्व्ह कसाही बसतो, उभा, आडवा, तिरका. पण त्याची स्प्रिंग उघडायला थोडा दाब खर्ची पडतो. पंपाच्या लाईनवर तो जाणवत नाही. नुसत्या टाकीच्या उंचीवर चालणाऱ्या लाईनवर जाणवतो. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब, हा हिशेब लक्षात ठेवा. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपासून फक्त २ मीटर वर असेल तर हाती सगळा मिळून ०.२ बार दाब आहे. त्यातला थोडा जरी स्प्रिंगने खाल्ला तरी शॉवरची धार बारीक होते. म्हणून माझा नियम साधा आहे: टाकीच्या उतारावर चालणाऱ्या लाईनला आडवा तुकडा शोधून तिथे झडपेचा एनआरव्ही, आणि पंपाच्या लाईनला किंवा आडवी जागाच नसेल तिथे स्प्रिंगचा.

पाणी उलटे जाते आहे हे कसे ओळखायचे

लक्षणे ठरलेली आहेत. कोणताही नळ उघडा नसताना प्रेशर पंप मधूनच सुरू होतो आणि बंद होतो, विशेषतः रात्री ते स्पष्ट ऐकू येते. सोलरच्या टाकीवर जो उभा हवेचा पाईप असतो त्याच्या तोंडातून पाणी ठिबकते. दिवसभर कडक ऊन असूनही सकाळी पाणी कोमट येते. बेसिनचा थंड नळ उघडला तर पहिल्या अर्ध्या मिनिटात गरम पाणी येते. किंवा शॉवरला गरम-थंड जुळवून घेतलेले असताना स्वयंपाकघरात कोणी नळ उघडला की शॉवरचे पाणी अचानक बदलते. हे शेवटचे लक्षण एकटे असेल तर ते फक्त दाब वरखाली झाल्याचेही असू शकते. बाकीच्यांपैकी एक जरी दिसले तर तपासणी करावी.

तपासणीला हत्यारे लागत नाहीत. गिझर असेल तर आधी त्याचा मेन स्विच बंद करा, नुसते बटण नव्हे. मग गिझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. सोलर असेल तर टाकीतून गरम पाणी खाली आणणारा गच्चीवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. आता गरम लाईनला पाणी मिळण्याचा रस्ताच उरलेला नाही. घरातला एखादा फक्त गरम पाण्याचा नळ उघडा, उदाहरणार्थ बेसिनचा. पाईपात उरलेले पाणी थोडे येईल आणि थांबेल. थांबले तर सगळे ठीक आहे. थांबलेच नाही, धार चालूच राहिली, तर थंड पाणी कुठल्या तरी मिक्सरमधून गरम लाईनमध्ये शिरते आहे.

मग एकेका मिक्सरचा थंड पाण्याचा कॉक बंद करत जा. ज्याचा कॉक बंद केल्यावर धार थांबेल तोच तो मिक्सर. कॉक भिंतीत असेल तर त्याच्या मुठीखाली अनेकदा जुना चुना जमलेला असतो. फिरवताना जोर लावून मोडू नका, थोडा थोडा मागेपुढे करत सोडवा.

एका घराची गोष्ट

हे प्रत्यक्षात कसे घडते ते बांदोड्यातल्या एका दुमजली घरावरून सांगतो. स्लॅबवर टाकी, तिच्याच पाण्यावर भरणारा सोलर, आणि पहिल्या मजल्याच्या थंड लाईनवर प्रेशर पंप. पंप बसवल्यापासून घरच्यांची तक्रार अशी की, सोलर बिघडला. सकाळी पाणी कोमट, आणि गच्चीवर सोलरच्या हवेच्या पाईपाखाली सतत ओल.

दाबाचा हिशेब मांडला तेव्हाच उत्तर दिसले. पहिल्या मजल्यावरचा मिक्सर जमिनीपासून १ मीटरवर. छत ३ मीटरवर, त्यावर टाकीचा १ मीटरचा कट्टा, आणि टाकीत पाणी साधारण १ मीटर. म्हणजे मिक्सरपासून पाण्याची पातळी ४ मीटर वर, आणि गरम लाईनचा दाब ०.४ बार. थंड लाईनवर पंप १.५ बारला लावलेला. मिक्सरच्या दोन तोंडांवर १.१ बारचा फरक.

मिक्सरचे दोन्ही नळ बंद असतील तेव्हा या फरकाने काही बिघडत नाही, कारण दोन्ही लाईनी वेगळ्या असतात. पण या घरात हँड शॉवरच्या मुठीवर बंद करायचे बटण होते. आंघोळ झाली की मुलं ते बटण दाबून पाणी बंद करायची आणि मिक्सरचे दोन्ही नळ तसेच उघडे ठेवायची. शॉवरमधून पाणी येत नाही म्हणजे सगळे बंद, असे वाटायचे. आत मात्र थंड आणि गरम लाईन एकमेकींना थेट जोडलेल्या राहायच्या. पंपाचे थंड पाणी मिक्सरमधून गरम पाईपात, तिथून वर सोलरच्या टाकीत, आणि टाकी भरलेलीच असल्यामुळे हवेच्या पाईपातून गच्चीवर. दाब उतरला की पंप पुन्हा सुरू. रात्रभर हेच. सोलरमधले दिवसभर तापलेले पाणी पंपाच्या थंड पाण्याने पहाटेपर्यंत निवून जायचे.

घरातल्या आजोबांनी विचारले, "मग त्या बटणाचाच शॉवर बदलला तर?" बदलला तर रात्रीचे उलटे जाणे थांबेल हे खरे. पण आंघोळ चालू असतानाही शॉवरच्या बारीक छिद्रांमुळे मिक्सरच्या आत दाब साचतो, आणि तो ०.४ बारच्या वर गेला की गरम पाणी येण्याऐवजी थंड पाणीच गरम लाईनमध्ये चढते. कमोडजवळचा जेट मिक्सरच्या लाईनवर घेतलेला असेल तर तोही याच बटणाच्या शॉवरसारखा वागतो. म्हणून मुळावर उपाय करायचा तर एनआरव्हीच लागतो.

कुठे बसवायचा हा पुढचा प्रश्न. पहिला विचार गच्चीचा आला, कारण तिथे सोलरमधून निघालेला गरम पाईप काही अंतर आडवा, उघडा जातो. तिथे एनआरव्ही बसवला असता तर सोलर वाचला असता, पण घरातला सगळा गरम पाईप थंड पाण्याने भरतच राहिला असता आणि बेसिनच्या गरम नळाला थंड पाणी आले असते. म्हणून व्हॉल्व्ह त्या मिक्सरकडे जाणाऱ्या गरम फाट्यावरच हवा, बेसिनचा फाटा फुटल्यानंतर. बाथरूमच्या माळ्यावर गरम पाईप आडवा येऊन मग भिंतीत उतरत होता. त्या आडव्या तुकड्यावर अर्ध्या इंची पितळी झडपेचा एनआरव्ही बसवला, बाण मिक्सरकडे.

पंपाचा रात्रीचा आवाज त्याच दिवशी थांबला आणि हवेच्या पाईपाखालची ओल सुकली. पण एक गोष्ट तशीच राहिली: शॉवर चालू असताना गरम पाणी अगदी कमी येत होते. हे होणारच होते. एनआरव्ही उलटे जाणे अडवतो, दाब वाढवत नाही. समोरून १.५ बारचे पाणी दाबत असेल तर ०.४ बारचे पाणी झडप उचलून पुढे येऊच शकत नाही. अनेक जण इथे व्हॉल्व्ह खराब आहे म्हणून तो काढून टाकतात. खरे म्हणजे अशा घरात दोन्ही लाईनींचा दाब सारखा करावा लागतो. एक तर गरम पाण्याला चालणारा वेगळा पंप गरम लाईनवर घ्यायचा, नाहीतर मिक्सरचे थंड पाणी पंपाऐवजी सरळ टाकीच्या लाईनवरून घ्यायचे. या घरात दुसरा मार्ग निवडला, कारण त्यांना जोराच्या धारेपेक्षा गरम पाणी महत्त्वाचे होते. एनआरव्ही तिथेच ठेवला, कारण खालच्या मजल्यावर दोन-तीन नळ एकदम उघडले की थंड-गरमचा दाब अजूनही वरखाली होतो.

सोलरच्या टाकीला मात्र थंड लाईनचा पंप जोडून दाब वाढवू नका. हवेचा उघडा पाईप असलेली टाकी दाबासाठी बनवलेली नसते.

गिझरजवळ

गिझर असलेल्या घरात एनआरव्हीची मुख्य जागा म्हणजे गिझरला थंड पाणी देणारे तोंड. इथे दोन धोके असतात. स्लॅबवरची टाकी रिकामी झाली आणि त्याच वेळी खाली अंगणातला नळ कोणी उघडला, तर खाली उतरणाऱ्या पाईपातले पाणी घसरते आणि गिझरमधले पाणी खालच्या तोंडातून ओढून नेते. वर कुठे गरम नळ उघडा असेल तर तिथून हवा आत शिरते आणि गिझर खरोखर रिकामा होतो. त्यानंतर स्विच चालू राहिला तर एलिमेंट कोरडे तापून जळते. दुसरा धोका पाईपाचा. गिझरमधले गरम पाणी मागे थंड लाईनमध्ये गेले आणि ती साध्या यूपीव्हीसीची असेल, तर पाईप मऊ पडून जोड सुटू लागतात. यूपीव्हीसी पाईप गरम पाण्यासाठी नसतोच, गरम लाईनला सीपीव्हीसी किंवा धातूचाच पाईप घ्यावा. गिझरच्या अगदी जवळचा थंड पाण्याचा तुकडाही सीपीव्हीसीचाच घेतलेला बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गिझरच्या तोंडावर नुसता एनआरव्ही बसवून मोकळे होऊ नका. पाणी तापले की फुगते. २५ लिटरच्या गिझरमधले पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की साधारण ३५० मिलिलिटर जास्त जागा मागते. एनआरव्ही नसताना हे वाढलेले पाणी थंड लाईनने मागे सरकून टाकीत जाते आणि आपल्याला कळतही नाही. एनआरव्हीने तो रस्ता बंद केला आणि नळ सगळे बंद असले, तर त्या अर्ध्या बाटलीभर पाण्याला जायला जागा उरत नाही आणि गिझरच्या आतला दाब चढत जातो. नीट बसवलेल्या गिझरजवळ म्हणूनच दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. साठवणीच्या गिझरच्या खोक्यात बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह येतो. त्यात एनआरव्ही आणि दाब सोडण्याची सोय दोन्ही असतात आणि बाजूला एक छोटी दांडी असते. गिझरच्या माहितीपत्रकात तोच बसवायला सांगितलेले असते.

तो व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंब थेंब गळतो. गळतो म्हणून काही प्लंबर तो काढून टाकतात आणि जागी साधा एनआरव्ही लावतात, किंवा त्याचे गळणारे तोंड प्लगने बंद करतात. दोन्ही गोष्टी कोणी करू लागला तर हात धरून थांबवा. तापतानाचे थेंब म्हणजे तो आपले काम करतो आहे. त्याच्या तोंडाला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडा, म्हणजे भिंत ओली होणार नाही. पाणी तापत नसतानाही तो सतत गळत असेल तर मात्र आत कचरा अडकला आहे किंवा लाईनचा दाब जास्त आहे.

क्रम असा असावा: आधी अँगल कॉक, मग एनआरव्ही, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग गिझर. खोक्यातल्या व्हॉल्व्हमध्ये दोन्ही असतील तर वेगळा एनआरव्ही लागत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये कॉक किंवा बॉल व्हॉल्व्ह कधीही ठेवू नका. तो चुकून बंद राहिला तर सुरक्षेचा रस्ताच बंद होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह किती बारला उघडतो हे त्याच्यावर लिहिलेले असते आणि गिझरची कमाल मर्यादा गिझरच्या पट्टीवर. व्हॉल्व्हचा आकडा गिझरच्या आकड्यापेक्षा जास्त नसावा.

ज्या घरात गरम लाईनचा उभा हवेचा पाईप टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन उघडा सोडलेला आहे, तिथे फुगलेल्या पाण्याला तो रस्ता मिळतो. तो पाईप कधी बंद करू नका, त्यावर टोपीही नको. पक्षी घरटे करतात म्हणून तोंडावर जाळी बांधली तर चालते, पण ती बारीक नको.

पंपाच्या बायपासवर

पावसाळ्यात वीज जाते आणि प्रेशर पंप बंद पडतो, तेव्हाही वरच्या बाथरूममध्ये थोडे तरी पाणी यावे म्हणून पंपाला समांतर एक बायपास पाईप ठेवतात. वीज नसताना टाकीचे पाणी त्या पाईपाने उतरते. या बायपासवर एनआरव्ही नसेल तर पंप चालू असताना त्याने पुढे ढकललेले पाणी बायपासने फिरून पुन्हा पंपाच्या मागच्या बाजूला येते. पंप घरघरत राहतो, तापतो आणि बाथरूममध्ये दाब मात्र येत नाही. इथे एनआरव्ही बायपासवरच बसवायचा, बाण बाथरूमच्या बाजूला. वीज नसताना हा तुकडा नुसत्या टाकीच्या उंचीवर चालतो, म्हणून तो आडवा ठेवून झडपेचाच व्हॉल्व्ह वापरा.

बसवण्याच्या पायऱ्या

काम सुरू करण्याआधी टाकीचा मेन व्हॉल्व्ह, पंप आणि गिझरचा स्विच बंद करा आणि खालचा नळ उघडून लाईन रिकामी करा. पाईप जेवढा तेवढाच एनआरव्ही घ्या. बाथरूमच्या फाट्यांना बहुधा अर्धा इंच म्हणजे १५ मिलिमीटरचा लागतो. गरम लाईनला पितळीच घ्या. आत रबराची चकती असेल तर ती गरम पाण्याला चालते का ते दुकानात विचारून घ्या.

विकत घेतानाच एक तपासणी करून घ्या. व्हॉल्व्ह धुऊन, बाणाच्या दिशेने फुंका, हवा सहज जायला हवी. उलटीकडून फुंका, अजिबात जाता कामा नये. झडपेचा असेल तर तो आडवा, झाकण वर धरून फुंकायचा. दुकानात उभ्यानेच होणारी ही तपासणी आहे आणि नव्या व्हॉल्व्हमध्येही कधी कधी ढलाईचा कण अडकलेला सापडतो.

त्यानंतर पाईप कापण्याआधी जागा पक्की करा. टाइलच्या आड जाणारी जागा नको. आज ना उद्या व्हॉल्व्ह उघडून साफ करावा लागतो, म्हणून माळा, डक्ट, गच्ची किंवा गिझरखालची उघडी भिंत शोधा. व्हॉल्व्हच्या एका बाजूला युनियन अवश्य घ्या, म्हणजे पुढे पाईप न कापता तो काढता येतो. झडपेचा असेल तर झाकण उघडायला वर हात जाईल एवढी जागा हवी.

पाईप सरळ कापा, आतली कीस काढा, आणि नवा व्हॉल्व्ह लावण्याआधी मेन व्हॉल्व्ह क्षणभर उघडून लाईनमधला कचरा बादलीत जाऊ द्या. ही पायरी गाळली तर पाईप कापताना पडलेली कीसच पहिल्या दिवशी चकतीखाली जाऊन बसते. सीपीव्हीसी पाईपाला पितळी आटे असलेला अडॅप्टर लावा. प्लास्टिकच्या आट्यात पितळी व्हॉल्व्ह घट्ट पिळला तर प्लास्टिक तडकते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळा आणि पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे आत जाणार नाहीत. सोल्युशनने चिकटवलेले जोड व्हॉल्व्हपासून थोडे दूर ठेवा, कारण ओघळलेले सोल्युशन आत गेले तर चकती जाम होते. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत पाणी सोडू नका.

पाणी सोडल्यावर पहिली परीक्षा वर सांगितलेलीच: गरमचा मुख्य रस्ता बंद करून बेसिनचा गरम नळ उघडायचा. धार थांबली पाहिजे. दुसरी परीक्षा गिझरजवळची. स्विच बंद, पाणी थंड असताना, अँगल कॉक बंद करून एनआरव्हीच्या मागच्या बाजूचे युनियन थोडे सैल करा आणि खाली तांब्या धरा. जोडातले थोडे पाणी येऊन थांबले तर व्हॉल्व्ह धरतो आहे. सतत येत राहिले तर गिझरमधले पाणी मागे येते आहे.

बाकी दोन जागा

कमोडजवळचा जेट किंवा हँड शॉवर भरलेल्या बादलीत बुडवून ठेवला आणि खाली पाणी ओढले गेले, तर बादलीतले घाण पाणी लाईनमध्ये येऊ शकते. त्या फाट्यावर अँगल कॉकनंतर एक छोटा एनआरव्ही लावावा. पण त्याआधी सवय: जेट हुकावर टांगायचा, बादलीत नाही.

आणि विहीर. गोव्यात अनेक घरांत सरकारी नळाचे पाणी आणि विहिरीचे पाणी दोन्ही बाथरूमच्या टाकीत येतात. दोन्ही पाईप एकमेकांना जोडून मध्ये एनआरव्ही टाकणे पुरेसे नाही. चकतीखाली एक खडा अडकला की विहिरीचा पंप आपले पाणी सार्वजनिक लाईनमध्ये ढकलेल. ही दोन पाणी टाकीच्या वरून, वेगवेगळ्या तोंडांनी आणि पाण्याच्या पातळीपासून वर, हवेतून पडायला हवीत.

साफसफाई

एनआरव्ही निकामी होण्याचे कारण आपल्याकडे बहुतेक वेळा एकच असते: गाळ. जांभ्या दगडाच्या मातीत पावसाळ्यात विहिरीचे पाणी लालसर होते आणि तो बारीक गाळ टाकीच्या तळाशी साठतो. टाकी धुतली जाते तेव्हा तो ढवळून लाईनीत उतरतो आणि चकतीच्या बसण्याच्या जागेवर थर धरतो. म्हणून टाकी धुतल्यावर लगेच मेन सोडू नका. आधी खालचा एखादा नळ उघडून गढूळ पाणी जाऊ द्या.

पावसाळा संपल्यावर झडपेच्या व्हॉल्व्हचे झाकण उघडून चकती बोटाने हलवून बघा. ती अडखळता कामा नये. बसण्याची जागा जुन्या टूथब्रशने घासा. चुन्याचा थर असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवल्याने सुटतो. सॅण्डपेपर वापरू नका, कारण त्या जागेवर ओरखडे पडले की व्हॉल्व्ह पुन्हा कधी नीट धरत नाही. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडता येत नसेल तर युनियन सोडवून काढा आणि पुन्हा फुंकून तपासा. उलटीकडून हवा गेली तर नवा घ्या.

पंप बंद होताना पाईपात ठण्ण असा आवाज येऊ लागला तर तो बहुधा झडप आपटल्याचा असतो. पंपाच्या लाईनवर त्या जागी स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला की आवाज कमी होतो, कारण पाणी उलटे फिरण्याआधीच स्प्रिंग चकती बंद करते.